तुकड्याचा तोटा

डिचोलीच्या एका काजू कारखान्यात मी हिशोब लिहायला लागलो, त्याच्या दुसऱ्या हंगामात मालकांना एक तक्ता करून दिला. तक्ता नीटनेटका होता, बेरजा बरोबर होत्या, आणि तो पूर्णपणे चुकीचा होता. त्याच्या आधाराने मालकांनी दोन निर्णय घेतले. दोन्हींचे पैसे त्यांच्या खिशातून गेले आणि तक्ता करण्याचे पैसे माझ्या खिशात आले. ते मूळचे सज्जन गृहस्थ, म्हणून हे गणित त्यांनी कधी माझ्यासमोर मांडले नाही. मीच मांडतो.

त्याआधी माझी उमेदीची वर्षे खाणीवरच्या कचेरीत गेली. डिचोली तालुक्यात तेव्हा हिशोब येणाऱ्या माणसाला खाणीशिवाय दुसरे दार शोधावे लागत नसे. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणकाम थांबवले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि ट्रकांबरोबर आम्हीही घरी बसलो. मग मिळतील ती कामे धरली. काजू कारखाना त्यातलाच एक. मी तिथे गेलो तो खाणीतली एक सवय सोबत घेऊन.

खाणीत एकाच दगडातून दोन माल निघत: लंप म्हणजे ढेकळे आणि फाईन्स म्हणजे भुकटी. उकरणे, फोडणे, चाळणे हा सगळा खर्च दोघांचा मिळून. आम्ही तो टनावर वाटायचो. एकूण खर्चाला एकूण टनांनी भागायचे, जो आकडा येईल तो प्रत्येक टनाच्या माथी मारायचा. काट्यावर ट्रकाचे वजन व्हायचेच, त्यामुळे वाटप सोपे होते. त्यातून काही बिघडले नाही, कारण त्या आकड्याकडे बघून कोणी काही ठरवत नसे. ढेकळे हवी असतील तर भुकटी येणारच, हे मुकादमापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना माहीत होते. मी मात्र समजलो की पद्धत चांगली आहे म्हणून काही बिघडत नाही.

काजूच्या कारखान्यात बी येते पोत्यांतून. ती वाफेवर शिजवतात, थंड करतात, मग बाया पायाच्या दांड्याच्या यंत्रावर एकेक बी कापतात. टरफलातले तेल हात भाजते, म्हणून आधी हाताला राख किंवा तेल चोळून घ्यायचे. निघालेला गर ड्रायरमध्ये सुकवतात, वरची तांबूस साल काढतात आणि शेवटी ग्रेडिंगच्या टेबलावर माल वेगळा होतो. अख्खा काजू एका बाजूला, त्यातही आकाराप्रमाणे. बाजारात 320 नंबर म्हणतात तो म्हणजे एका पौंडात 300 ते 320 गर बसतील असा. 240 नंबरचा त्याहून मोठा, म्हणून महाग. दोन दले सुटली तर पाकळी. त्याहून फुटला तर तुकडा. टेबलापर्यंतचा सारा खर्च सामाईक: बी तीच, वाफ तीच, कापणारी बाई तीच. कुठली बी अख्खी निघणार आणि कुठली फुटणार, हे पोते विकत घेताना कोणी सांगू शकत नाही.

आता तक्ता. आकडे गोल करून सांगतो, प्रमाण तेच. 1,000 किलो बी घेतली, 130 रुपये दराने 1,30,000. शिजवण्यापासून ग्रेडिंगपर्यंत खर्च 35,200. टरफल निघाले 650 किलो, ते तेलाच्या घाण्याला 8 रुपयांनी गेले, त्याचे 5,200 आले. टरफलासाठी कोणी काजू फोडत नाही, त्यामुळे ते उपउत्पादन. त्याचे आलेले पैसे मी खर्चातून वजा केले, आणि एवढे तरी बरोबर केले. उरले 1,60,000. गर निघाला 250 किलो. भागाकार केला: किलोला 640 रुपये.

विक्री अशी होती. अख्खा काजू 160 किलो, दर 800. पाकळी 50 किलो, दर 700. तुकडा 40 किलो, दर 550. एकूण 1,85,000 आले, म्हणजे 25,000 नफा. माझ्या तक्त्याने हा नफा तीन ओळींत फोडला. अख्ख्यावर किलोमागे 160 रुपये फायदा, पाकळीवर 60 रुपये फायदा आणि तुकड्यावर 90 रुपये तोटा. तोट्याची ओळ मी लाल शाईने लिहिली. त्या लाल शाईचा मला थोडा अभिमानही होता. इतकी वर्षे कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट मी पकडली होती.

मालकांनी तक्ता दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे तुकडा विकला की आपण किलोमागे नव्वद रुपये घालवतो?"

मी हो म्हणालो. चूक नेमकी इथे झाली. तक्ता कपाटात राहिला असता तर खाणीतल्या तक्त्यासारखाच निरुपद्रवी राहिला असता.

थोड्याच दिवसांत म्हापशाचा एक मिठाईवाला आला. त्याला कतलीसाठी तुकडा हवा होता, पण पुन्हा चाळलेला आणि हवाबंद पिशवीत भरलेला. दर देणार होता 580, बाजारापेक्षा 30 रुपये जास्त. चाळणे, पिशवी, मजुरी मिळून किलोला आणखी 12 रुपये लागणार होते. मालकांनी मला विचारले. मी कागदावर 640 अधिक 12 बरोबर 652 असे लिहिले, त्यातून 580 वजा केले आणि किलोमागे 72 रुपये तोटा दाखवला. मिठाईवाला चहा पिऊन निघून गेला. मालकांनी ठरवले की 640 च्या खाली तुकडा हलवायचा नाही, दर वाढेपर्यंत थांबायचे.

ज्या क्षणी तो माणूस समोर बसला होता, त्या क्षणी तुकडा टेबलावर तयार होता. 640 रुपये, खरे असोत की खोटे, आधीच खर्च झालेले होते. 'नाही' म्हटल्याने त्यातला एक पैसा परत येणार नव्हता. प्रश्न एवढाच होता: आहे तसा विकला तर 550, आणि आणखी 12 रुपये घालून विकला तर 580, म्हणजे हातात 568. किलोमागे 18 रुपयांचा सरळ फायदा. त्या हिशोबात 640 ला जागाच नव्हती, आणि मी सुरुवात तिथूनच केली.

तुकडा राहिला गोदामात. गोव्यातला पाऊस आणि फुटलेला काजू यांचे जमत नाही. अख्ख्या काजूपेक्षा तुकड्याला हवा जास्त लागते, ओल लवकर धरते आणि आतले तेल खवट होते. त्यात आमचा माल साध्या पिशव्यांत. चतुर्थीच्या तोंडावर मिठाईवाल्यांची मागणी आली तेव्हा पिशव्या उघडल्या. नाकाने आधी सांगितले, जिभेने नंतर. 400 किलो माल होता. अखेर तो 380 रुपयांनी गेला. मिठाईवाल्याला दिला असता तर चाळणी-पिशवीचा खर्च जाऊन 568 हातात पडले असते. फरक 188 रुपये किलोला, एकूण 75,200. अडकलेल्या पैशांवर बँकेचे व्याज गेले ते वेगळे. आणि तो मिठाईवाला पुन्हा कधी आला नाही.

दुसरा निर्णय त्याच सुमारास चालू होता, तो अधिक हुशारीचा होता, म्हणून अधिक महाग पडला. तुकड्यात तोटा असेल तर तुकडा कमी करा, हे कोणालाही सुचेल. मी सुचवले की कापणाऱ्या बायांना मजुरी फक्त अख्ख्या आणि पाकळीच्या वजनावर द्यावी. तुकड्याला शून्य. महिनाभरात तुकड्याचे वजन घटले. 1,000 किलो बीमागे 40 चे 34 झाले. मी खूष. मात्र अख्खा काजू वाढला नव्हता, पाकळीही वाढली नव्हती. हे मी पाहिले, पण त्यावर थांबलो नाही.

ग्रेडिंगच्या टेबलावर एक जुन्या बाई होत्या, त्यांना सगळे वयनी म्हणत. एकदा त्या मला हाताला धरून नव्हे, पण जवळजवळ तसेच, टरफलाच्या ढिगाकडे घेऊन गेल्या. मूठभर टरफले उचलून माझ्यासमोर धरली. आत गराचे तुकडे चिकटलेले होते.

"बाब, फुटलेली बी कोरून काढायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "त्याचे पैसे नाहीत, तर कोण काढील?"

मी विचारले, आधी का नाही सांगितले? त्या म्हणाल्या, "तुम्हालाच तुकडा नको होता ना?"

बरोबरच होते. मी तुकड्याला तोटा म्हटले होते, बायांनी तो टरफलात सोडला. 6 किलो गर, जो 550 ने विकला असता, तो 8 रुपयांच्या टरफलाबरोबर घाण्याला जात होता. दर 1,000 किलोमागे 3,300 रुपये सोडून 48 रुपये मिळवायचे, अशी ती व्यवस्था. हे पकडायला खास विद्या लागत नव्हती. एकूण गर 250 वरून 244 वर आला होता आणि टरफलाचे वजन तेवढेच वाढले होते. प्रत्येक मालाचे वजन मी वेगळे बघत होतो, चौघांची बेरीज बघत नव्हतो. आणि गंमत म्हणजे माझ्याच पद्धतीने पुन्हा भागाकार केला तर किलोचा खर्च 640 वरून साडेसहाशेच्या पुढे गेला होता, आणि तुकड्यावरचा 'तोटा' किलोमागे 90 चा 105 झाला होता. औषध घेतल्याने ताप वाढला होता.

त्या रात्री मी एक खेळ करून पाहिला. समजा, तोट्याचा म्हणून तुकडा साफ टाकूनच दिला. खर्च तोच 1,60,000, आता भागायचे 210 किलोंनी. किलोला 762. मग 700 ने विकली जाणारी पाकळी तोट्यात आली. ती टाकली. आता 160 किलो अख्खा, खर्च किलोला 1,000, विक्री 800. तोही तोट्यात. म्हणजे माझा तक्ता प्रामाणिकपणे शेवटपर्यंत पाळला असता तर 25,000 नफ्याचा कारखाना पायरी-पायरीने बंद करावा लागला असता, आणि प्रत्येक पायरीवर लाल शाई अगदी बरोबर दिसली असती. तुकड्यावर तोटा होत होता, असे म्हणायला काही आधारच नव्हता. तुकड्याचे येणारे 22,000 रुपये वजा केले तर नफ्याच्या 25,000 मधले 3,000 उरतात, एवढेच खरे.

दुसऱ्या दिवशी मालकांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुकड्याची मजुरी आजपासून चालू करा." माझ्याबद्दल काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

मार्च अखेरीस हिशोब तपासायला आलेल्या सीएंनी मला योग्य रस्ता दाखवला. शिल्लक माल ताळेबंदात दाखवायचा तर सामाईक खर्च कुठेतरी वाटावा लागतोच, त्याला इलाज नाही. हिशोबाचे मानकही तेच सांगते: वाटप तर्काला धरून आणि दरवर्षी एकसारखे असावे, उदाहरणार्थ विक्रीच्या किमतीच्या प्रमाणात. शिवाय शिल्लक माल खर्च किंवा हातात येणारी निव्वळ किंमत, यातले जे कमी असेल त्यानेच धरायचा. म्हणजे 550 ने जाणारा तुकडा 640 ने शिलकीत दाखवणे मुळातच चालणार नव्हते.

विक्रीच्या प्रमाणात वाटले की चित्र शांत होते. 1,85,000 च्या विक्रीला 1,60,000 खर्च, म्हणजे रुपयाला साधारण साडेशहाऐंशी पैसे. अख्ख्याचा खर्च 692, पाकळीचा 605, तुकड्याचा 476. तिन्हींवर सारखाच, साडेतेरा टक्के नफा. लाल शाई संपली. मला वाटले, खरा खर्च सापडला.

ही माझी तिसरी चूक. तिची रक्कम लहान होती, म्हणून ती मला अधिक लागली.

पुढच्या वर्षी अख्ख्या काजूचा दर 800 वरून 700 वर आला. बीचा दर तोच, मजुरी तीच, तुकड्याचा बाजारही तसाच 550. मी तक्ता नव्याने केला. एकूण विक्री 1,69,000, खर्च तोच 1,60,000. त्या प्रमाणात तुकड्याचा खर्च आला 521. म्हणजे तुकडा किलोमागे 45 रुपयांनी 'महागला'. साखळीचा एक बेकरीवाला तेव्हा आमच्याकडून नियमित तुकडा उचलायचा. मी त्याला सांगितले की खर्च वाढलाय, 45 रुपये वाढवून द्यावे लागतील. त्याने विचारले, कशाचा खर्च वाढला? मला उत्तर देता येईना. अख्खा काजू स्वस्त झाला म्हणून तुझा तुकडा महाग झाला, हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहिले तेव्हाच ते किती वेडगळ आहे ते कळले. तोवर तो दुसरीकडे बोलून आला होता.

किमतीवरून मी खर्च काढला होता आणि त्या खर्चावरून पुन्हा किंमत ठरवायला निघालो होतो. वजनाचे वाटप मूर्खपणाचे होते ते निदान दिसत तरी होते. हे शहाणपणाचे दिसत होते, आणि विकायच्या निर्णयात तितकेच निरुपयोगी होते. ते ताळेबंदासाठी केलेले असते, तिथेच ठेवावे.

याचा उपयोग मला पुढे पेडण्यात झाला. माझा मामेभाऊ तिथे काजूची बागाईत हंगामापुरती भाड्याने घेतो. बी विकतो, बोंडवांचा रस काढून आंबवतो आणि हुर्राक, फेणी गाळतो. एका वर्षी बीचा दर पडला आणि तो माझ्याकडे आला. भाडे, राखण, वेचणीची मजुरी यातले निम्मे फेणीवर टाकले तर भट्टी परवडत नाही, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. निम्मेच का, याचे कारण सांगितले नव्हते. पूर्वीचा मी असतो तर त्याला एक सुंदर तक्ता करून दिला असता.

यावेळी मी फक्त विचारले की बी पिरगळून बाजूला केल्यानंतर बोंडवावर काय काय खर्च होतो. रस काढणाऱ्यांची मजुरी, लाकडे, भट्टीवरचा माणूस, परवाना आणि अबकारीचे पैसे. समोर हुर्राक-फेणीचे येणारे पैसे. दोन आकडे मांडले, दुसरा मोठा होता, भट्टी चालू राहिली. भाडे आणि वेचणी आम्ही कुठेच वाटली नाही. बागाईत घ्यायची की नाही, हे ठरवताना हा खर्च बी आणि बोंडू दोघांच्या एकत्र उत्पन्नासमोर ठेवायचा. भाडे आधीच देऊन झाले असेल, तर तेव्हा तो प्रश्नही संपलेला असतो.

भाऊ म्हणाला, "पण बोंडवाला खरा खर्च किती येतो?" मी त्याला तेरेखोलच्या पलीकडे बघायला सांगितले. सिंधुदुर्गात तेच झाड, तेच फळ. पण तिथे फेणीची परंपरा नाही, त्यामुळे बहुतेक बोंडू झाडाखालीच कुजतो आणि बागेचा सगळा खर्च बीच्या अंगावर पडतो. नदी ओलांडली की तोच बोंडू भागीदार होतो. झाडाला यातले काही माहीत नसते. आमच्या खाणीतही तसेच होते. हलक्या प्रतीची भुकटी वर्षानुवर्षे डंपवर टाकली जात होती, वहीत तिची किंमत शून्य. 2003 नंतर चीनची मागणी वाढली आणि त्याच डंपांना गिऱ्हाईक आले. ढीग तोच, तो टाकाऊ की माल हे बाहेरच्या बाजाराने ठरवले.

डिचोलीच्या त्या कारखान्याचे हिशोब अजून माझ्याकडे आहेत. सामाईक खर्च मी वर्षातून एकदा वाटतो, 31 मार्चला, विक्रीच्या प्रमाणात, आणि तो कागद सीएंना देतो. मालकांना तो दाखवत नाही. त्यांनीही कधी मागितलेला नाही. त्यांना दर आठवड्याला दुसरा कागद जातो: किती बी शिजली, किती गर निघाला, टरफल किती, चौघांची बेरीज जुळते का, आणि कुठला माल पुढे आणखी काही करून विकला तर किती जादा मिळतील. त्यात तुकड्याची ओळ आहे, पण तिच्यासमोर खर्चाचा रकाना नाही. गेल्या वर्षी कामावर लागलेल्या मुलाने तो रकाना राहून गेलाय असे समजून भरून आणला होता. वजनावर वाटून. मी त्याला रागावलो नाही, त्याच्याकडून तुकडा टाकून, मग पाकळी टाकून भागाकार करून घेतला. कारखाना बंद पडेपर्यंत.